शपथ अनुवादकाची, सही कारकुनाची: इटालियन कागद भारतात नेताना

लग्नाच्या दाखल्याच्या तळाशी समासातली एक नोंद होती: नवरा-बायकोने 'सेपारात्सिओने देई बेनी' ही पद्धत निवडली आहे. इटालियन माणूस ही ओळ वाचतसुद्धा नाही. लग्नाच्या वेळी नोंदणी अधिकारी विचारतो, यापुढची मिळकत दोघांची सामाईक राहील की ज्याची त्याची? ज्याची त्याची म्हटलं की ही नोंद होते. काहीच सांगितलं नाही तर कायद्याने मिळकत सामाईक धरली जाते. १९७५च्या कुटुंबकायद्यापासून तोच नियम आहे. स्वतःचा धंदा असलेली जोडपी बहुधा वेगळी मिळकतच निवडतात, कारण एकाचं कर्ज दुसऱ्याच्या घरावर येऊ नये.

हा दाखला होता पुण्याच्या एका मुलीचा आणि तिच्या इटालियन नवऱ्याचा. नवऱ्याला ओसीआय कार्ड हवं होतं. परदेशी जोडीदाराला ते मिळायचं तर लग्न नोंदलेलं हवं आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं ते टिकलेलं हवं, असं नागरिकत्व कायद्याच्या '७अ' कलमात आहे. अनुवाद झाला होता, कोर्टात शपथ झाली होती, अपोस्टिल लागलं होतं. पण अनुवादात ती ओळ 'सेपरेशन ऑफ गुड्स' अशी उतरली होती. तपासणाऱ्या कारकुनाच्या डोळ्यांत त्यातला पहिला शब्दच भरला. अर्ज परत आला आणि सोबत प्रश्न आला: पती-पत्नी विभक्त राहतात काय, याचा खुलासा करावा.

त्या कागदाचा एकही शिक्का चुकलेला नव्हता. चुकलेला होता तो शब्द, आणि तो शब्द शिक्के मारणाऱ्यांपैकी कोणीही वाचलेला नव्हता. मी उत्तर इटलीत राहते आणि असे कागद इंग्रजीत करून कोर्टात शपथ घेणं हे माझं रोजचं काम आहे. लोक मला विचारतात ते शिक्क्यांबद्दल: किती लागतात, कुठे मिळतात, किती दिवस लागतात. ते सगळं इथे सांगतेच. पण प्रत्येक शिक्का नेमकी कशाची हमी देतो हे आधी नीट कळलं, तर निम्मा गोंधळ आपोआप मिटतो.

सुरुवात मूळ कागदापासून. इटलीत जन्म, लग्न, मृत्यू यांच्या नोंदी 'कोमूने' म्हणजे नगरपालिका ठेवते, आणि एकाच नोंदीचे तीन प्रकारचे उतारे देते. नुसतं 'चेर्तिफिकातो' घेतलं तर त्यात कोणाचं लग्न कधी, कुठे झालं एवढंच येतं. 'एस्त्रात्तो' म्हणजे गोषवारा. त्यात समासातल्या नोंदीही येतात. तिसरी 'कोपिया इंतेग्राले', म्हणजे मूळ नोंदीची शब्दशः नक्कल. भारतातल्या बहुतेक कामांना एस्त्रात्तो घ्यावा. चेर्तिफिकातोमध्ये समासातल्या नोंदी येत नाहीत, म्हणून ते सुटसुटीत दिसतं. पण घटस्फोटाची नोंदसुद्धा समासातच होते, त्यामुळे लग्न आजही कायम आहे हे दाखवायला ते अपुरं पडतं.

एस्त्रात्तो फुकट मिळतो. नागरी नोंदींच्या उताऱ्यांवर मुद्रांक लागत नाही. म्हणून मी दोन प्रती मागायला सांगते. दुसरी कशासाठी, ते पुढे येईलच. मागताना 'परदेशात वापरायचा आहे' हे स्पष्ट सांगायचं. २०१२ पासून इटलीतल्या सरकारी कार्यालयांनी नागरिकांकडून असे दाखले मागायचे नाहीत असा नियम आहे, त्यामुळे साध्या दाखल्यावर 'सरकारी कार्यालयात सादर करता येणार नाही' असं छापलेलं असतं. ते वाक्य भाषांतरित होऊन भारतातल्या सरकारी कार्यालयात पोचलं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. परदेशासाठीच्या दाखल्यावर त्याऐवजी 'फक्त परदेशासाठी दिला आहे' असा शेरा येतो.

आणि सही पेनाने केलेली हवी. आता राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीच्या संकेतस्थळावरून दाखले घरबसल्या उतरवता येतात, त्यावर इलेक्ट्रॉनिक मोहोर असते. इटलीत ते पूर्ण ग्राह्य आहेत, पण कागदी अपोस्टिल लावायला 'प्रेफेत्तूरा' या प्रांतातल्या सरकारी कार्यालयाला एखाद्या माणसाची सही लागते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जण तो उतरवलेला कागद रंगीत छापून, प्लास्टिकच्या पाकिटात जपून आणतात. त्यांना कोमूनेच्या खिडकीवर परत पाठवावं लागतं.

आता पहिलं अपोस्टिल. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग कराराने हे प्रमाणपत्र आलं. इटलीत तो १९७८ पासून लागू आहे, भारतात १४ जुलै २००५ पासून. त्याआधी इटालियन कागदाला इटलीच्या अधिकाऱ्यांच्या सह्या घेऊन शेवटी भारतीय दूतावासाचा शिक्का घ्यावा लागे; आता त्या सगळ्या साखळीच्या जागी एक चौकोन येतो. त्यात दहा क्रमांकित रकाने असतात आणि वर फ्रेंचमध्ये कराराचं नाव. सही कोणाची, तो कोणत्या पदावर आहे, मोहोर कोणत्या कार्यालयाची, एवढंच त्यात प्रमाणित होतं. दाखल्यातला मजकूर खरा आहे की नाही, याबद्दल अपोस्टिल चकार शब्द काढत नाही. करारातच तसं लिहिलं आहे.

कोमूने, शाळा, विद्यापीठ यांच्या कागदांना अपोस्टिल देते ती त्या प्रांताची प्रेफेत्तूरा. त्रेंतो आणि बोल्झानोमध्ये सरकारचा आयुक्त, आओस्ता खोऱ्यात प्रदेशाचा अध्यक्ष. कोर्टाच्या आणि नोटरीच्या कागदांना मात्र 'प्रोकूरा देल्ला रेपुब्लिका', म्हणजे सरकारी वकिलांचं कार्यालय. प्रेफेत्तूरा करते काय, तर तिच्याकडे ठेवलेल्या नमुना सह्यांशी दाखल्यावरची सही ताडून पाहते. कोमूनेत नुकत्याच आलेल्या कर्मचाऱ्याचा नमुना तिथे पोचलेला नसला की कागद अडतो. लहान गावातला दाखला असेल तर मी आधीच विचारायला सांगते: सही करणाऱ्याचा नमुना प्रेफेत्तूरात आहे ना? एका प्रश्नाने एक हेलपाटा वाचतो.

अपोस्टिल लागल्यावरच अनुवाद करायचा, आधी नाही. कारण अपोस्टिल हाही आता त्या कागदाचा भाग झालेला असतो, आणि तो बहुधा इटालियनमध्ये असतो. दाखला इंग्रजीत आणि त्याखालचा चौकोन तसाच इटालियनमध्ये, असं चालत नाही.

अनुवादाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण खरं जोखमीचं काम इथेच आहे. मघाची ओळ घ्या. 'बेनी' म्हणजे माल नव्हे, मिळकत. 'सेपारात्सिओने' म्हणजे माणसांची फारकत नव्हे, मिळकतीची विभागणी. शब्दाला शब्द ठेवला की तो शब्द इंग्रजी कायद्यात भलत्याच खणात जाऊन बसतो. इटालियन न्यायालयीन विभक्ततेसाठीही शब्द हाच आहे, फक्त पुढे 'पेर्सोनाले' लागतं. ज्याने इटलीचा कुटुंबकायदा उघडून पाहिलेला नाही, त्याला हा फरक दिसणारच नाही. मी ही ओळ अशी लिहिते की, पती-पत्नींनी स्वतंत्र मिळकतीची वैवाहिक मालमत्ता पद्धत निवडली. इंग्रजीत 'मॅट्रिमोनिअल प्रॉपर्टी रेजीम' हे शब्द आधी येतात, म्हणजे वाचणाऱ्याला विषय मिळकतीचा आहे हे पहिल्याच घासाला कळतं.

दुसरं दुखणं नावांचं, आणि ते खास आपलं, मराठी लोकांचं. समजा पासपोर्टात नावाच्या रकान्यात 'सुनीता विलास' आहे आणि आडनावाच्या रकान्यात 'जोशी'. विलास हे वडिलांचं नाव आहे हे कोमूनेला कळायचा मार्ग नाही. तिथे 'सुनीता विलास' हे संपूर्ण तिचंच नाव म्हणून नोंदलं जातं, करक्रमांकही त्यावरूनच बनतो. लग्नानंतर इटालियन नोंदवहीत बाईचं आडनाव बदलत नाही, त्यामुळे लग्नाच्या नोंदीत ती जोशीच राहते. मग ती भारतीय पासपोर्ट नवा करते, त्यात वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव आणि नवं आडनाव येतं, आणि दोन देशांच्या कागदांवर दोन बायका तयार होतात. अनुवादकाने यात हात घालायचा नाही. कागदावर जे अक्षर आहे तेच उतरवायचं, स्पेलिंग चुकलेलं असलं तरी. लोक काकुळतीला येऊन म्हणतात, 'तेवढं नाव पासपोर्टप्रमाणे करा ना ताई.' ते केलं तर मी खोटी शपथ घेतलेली असते. नाव दुरुस्त करायचं तर कोमूनेच्या नोंदीतच करून घ्यावं. नाहीतर भारतात, दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र जोडावं. पासपोर्ट बदलण्याआधी हा विचार केलेला बरा.

शिक्के, सह्या, कडेला हाताने लिहिलेले आकडे, सगळं अनुवादात यावं लागतं. गोल शिक्का असेल तर चौकटी कंसात 'गोल शिक्का' असं लिहून आतला मजकूर द्यायचा. सही न वाचता येणारी असेल तर तसं लिहायचं. नोंदीचा क्रमांक, 'भाग' आणि 'मालिका' हे तसेच ठेवायचे. लग्नाच्या नोंदीत भाग १ म्हणजे नगरपालिकेच्या सभागृहात झालेलं नागरी लग्न. भाग २ मालिका 'अ' म्हणजे चर्चमध्ये झालेलं, पण राज्यानेही मान्य केलेलं लग्न. भारतात पुढेमागे कोणी विचारलं तर एवढ्या एका आकड्यावरून उत्तर देता येतं.

मग कोर्ट. जर्मनीसारखी 'शपथबद्ध अनुवादक' अशी कायमची पदवी इटलीत नाही. इथे माणूस शपथबद्ध होत नाही, तो एकेक अनुवाद शपथेवर देतो, दर कागदाला नव्याने. आधार जुना आहे: १९२२ चा राजाचा हुकूम, क्रमांक १३६६, ज्याने कोर्टाच्या कारकुनाला अशा शपथा घ्यायचा अधिकार दिला. या क्रियेला 'आस्सेवेरात्सिओने' म्हणतात. ती जिल्हा कोर्टात, म्हणजे 'त्रिबुनाले'मध्ये होते. 'जुदिचे दी पाचे' या कनिष्ठ न्यायाधीशाच्या कार्यालयात होते. आणि नोटरीसमोरही होऊ शकते, फक्त नोटरी आपली फी घेतो. कागद ज्याचा आहे त्याने स्वतः, किंवा त्याच्या नातेवाइकाने अनुवादक म्हणून शपथ घ्यायची नाही. याखेरीज कोणाला चालेल, यावर कोर्टाकोर्टांत फरक आहे. कुठे कोणीही प्रौढ माणूस चालतो, कुठे कोर्टाच्या तज्ज्ञांच्या यादीत किंवा व्यापारी मंडळाच्या नोंदवहीत नाव लागतं. म्हणून अनुवादक ठरवताना पहिला प्रश्न भाषेचा नव्हे, 'तुम्ही कोणत्या कोर्टात शपथ घेता?' हा विचारावा. कोर्ट कोणतंही चालतं. दाखला बेर्गामोचा असला तरी शपथ मिलानला घेता येते.

प्रत्यक्षात ही दहा मिनिटांची गोष्ट आहे. सर्वांत वर मूळ कागद, त्याखाली अनुवाद, त्याखाली 'वेरबाले दी जुरामेंतो', म्हणजे शपथेचा नोंदनामा. तिन्ही एकत्र स्टेपल केलेले. कारकून ओळखपत्र पाहतो, खोट्या निवेदनाबद्दल दंडसंहितेच्या ४८३ व्या कलमाची जाणीव देतो. आपण शपथ उच्चारायची: सोपवलेलं काम नीट आणि प्रामाणिकपणे, केवळ सत्य कळावं या हेतूने केलं आहे, अशी शपथ घेतो. मग त्याच्यासमोर सही. तो सही करतो, क्रमांक घालतो, आणि पानांच्या सांध्यांवर अर्धा इकडे अर्धा तिकडे येईल असे शिक्के मारतो. अनुवाद तो वाचत नाही. वाचायचा त्याला अधिकारही नाही आणि इंग्रजी यायची सक्तीही नाही. तो प्रमाणित करतो ते एवढंच की, अमुक माणूस अमुक दिवशी माझ्यासमोर आला आणि त्याने शपथ घेतली. पहिल्यांदा शपथ घेतली तेव्हा मला वाटलं होतं की कोणीतरी निदान एक परिच्छेद तरी ताडून पाहील. खिडकीबाहेर आले तेव्हा त्या पानांमधल्या अर्थाला या संपूर्ण साखळीत आपण एकट्याच जबाबदार आहोत, हे पोटात खड्डा पडावा तसं लक्षात आलं. ती जाणीव अजून गेलेली नाही, आणि जाऊही नये.

खर्च असतो 'मार्का दा बोल्लो' या मुद्रांक तिकिटाचा. ते तंबाखूच्या दुकानात मिळतं. दर चार पानांना १६ युरोचं एक, आणि पान म्हणजे २५ ओळी. म्हणजे खरा हिशोब १०० ओळींचा. एका पानावर ५० ओळी दाटून बसवल्या तर कोर्ट ती दोन पानं धरतं, त्यामुळे अक्षर बारीक करून पैसे वाचत नाहीत. लग्नाचा दाखला, त्याच्या अपोस्टिलचा अनुवाद आणि नोंदनामा मिळून तीन पानं होतात, एक तिकीट पुरतं. बारा पानांचा घटस्फोटाचा निकाल नोंदनाम्यासह तेरा पानांवर जातो: चार तिकिटं, ६४ युरो. तिकिटावर विक्रीची तारीख छापलेली असते आणि ती शपथेच्या तारखेनंतरची असून चालत नाही. शपथ आज आणि तिकीट उद्या, असं होत नाही.

यापुढे दुसरं अपोस्टिल. शपथेच्या नोंदनाम्यावर आता कोर्टाच्या कारकुनाची सही आहे, आणि ती भारतात कोण ओळखणार? म्हणून त्याच कोर्टाला जोडलेल्या प्रोकूराकडे जायचं. इथे मात्र हद्द पाळावी लागते: मिलानला शपथ घेतली तर मिलानची प्रोकूरा, बेर्गामोची नाही. त्यामुळे एकाच गठ्ठ्यावर दोन शहरांची दोन अपोस्टिलं दिसतात, पहिलं बेर्गामोच्या प्रेफेत्तूराचं आणि दुसरं मिलानच्या प्रोकूराचं. पाहून लोक घाबरतात, पण ते बरोबर आहे. पहिलं कोमूनेच्या सहीसाठी, दुसरं कारकुनाच्या सहीसाठी. एकाने दुसऱ्याचं काम भागत नाही. फक्त अनुवादावर अपोस्टिल असलेला आणि मूळ दाखल्यावर नसलेला कागद मी अनेकदा पाहिला आहे. त्यात शपथ घेणारी बाई खरी आहे एवढंच सिद्ध होतं. लग्न झालं होतं हे त्यातून सिद्ध होत नाही.

हे दुसरं अपोस्टिलही इटालियनमध्ये असलं तर त्याचा अनुवाद कोण करणार? कोणीच नाही, केला तर त्यावर पुन्हा शपथ आणि पुन्हा अपोस्टिल लागेल. कराराने रकाने क्रमांकाने बांधून दिले ते यासाठीच. कोणत्याही भाषेतल्या अपोस्टिलात दुसऱ्या क्रमांकावर सही करणाऱ्याचं नाव आणि सहाव्यावर तारीख असते.

हे दुसरं अपोस्टिल नेहमी लागतंच असं नाही. भारतात शपथबद्ध अनुवादकांची संस्थाच नाही. १९५२ च्या नोटरी कायद्याच्या आठव्या कलमाखाली नोटरीला अनुवाद पडताळून देता येतो, आणि काही कार्यालयं तेवढ्यावर समाधानी असतात. अशा ठिकाणी अपोस्टिल लावलेला मूळ कागद भारतात नेऊन तिथेच इंग्रजी अनुवाद करून घेणं स्वस्त पडतं. अडचण एवढीच की इटालियन कायदा जाणणारा अनुवादक तिथे शोधावा लागतो. ज्या कार्यालयात कागद द्यायचा आहे त्याला आधी ईमेलने विचारावं आणि उत्तर छापून ठेवावं, हा माझा आग्रह असतो. ओसीआय, वारसाहक्क, कोर्टकचेरी असेल तर मी दोन्ही अपोस्टिलं घ्यायला सांगते. नुसती माहिती म्हणून द्यायचा कागद असेल तर नाही.

कोमूने बहुभाषिक उताराही देते. १९७६ च्या व्हिएन्ना कराराचा तो नमुना आहे आणि त्यावर रकान्यांची नावं इंग्रजीतही असतात. भारत त्या करारात नाही, म्हणून भारतीय अधिकाऱ्यावर तो स्वीकारायचं बंधन नाही आणि अपोस्टिलही लागतंच. जन्माच्या साध्या कामाला तो चालून गेलेला मी पाहिला आहे. लग्नासाठी मी तो सुचवत नाही, कारण समासातली नोंद त्यात आली तरी ती इटालियनमध्येच असते.

भारतात पोचल्यावर आणखी एक शिक्का मारून घ्यायला दलाल सांगतात: दिल्लीला परराष्ट्र मंत्रालयाचा, नाहीतर मुंबईत मंत्रालयाचा. ती वाट भारतातून बाहेर जाणाऱ्या कागदांची आहे. बाहेरून आलेल्या अपोस्टिलवर भारतात कसलंही प्रमाणीकरण लागत नाही. कराराचा हेतूच तो आहे. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत.

कोर्टात वादच उभा राहिला तर गोष्ट वेगळी. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या ७७ व्या कलमात परदेशी सार्वजनिक कागद कसा शाबीत करायचा ते सांगितलं आहे: मूळ कागद, किंवा तो ज्याच्या ताब्यात आहे त्याने प्रमाणित केलेली नक्कल आणि तिच्यावर नोटरीचं किंवा भारतीय वाणिज्यदूताचं प्रमाणपत्र, शिवाय त्या देशाच्या कायद्याप्रमाणे कागदाचं स्वरूप काय, याचा पुरावा. कलमाच्या मजकुरात अपोस्टिलचा उल्लेख नाही. कार्यालयात प्रश्न येत नाही, पण वारसांच्या भांडणात समोरचा वकील हे कलम काढू शकतो. अशा वेळी मूळ कागद हातात असणं सर्वांत सोयीचं.

घटस्फोटाच्या निकालांना तर अनुवादकाने दुप्पट वेळ द्यावा. चर्चमध्ये झालेल्या लग्नाचा घटस्फोट इटालियन निकालात 'लग्नाच्या नागरी परिणामांची समाप्ती' अशा शब्दांत येतो. तेवढंच इंग्रजीत ठेवलं तर भारतीय वाचकाला घटस्फोट झाला की नाही हेच कळत नाही. मी अनुवाद तसाच ठेवते आणि अनुवादकाची टीप देते की १९७० च्या ८९८ क्रमांकाच्या कायद्याखालचा हा घटस्फोटच आहे. 'कोंतुमाचे' हा शब्द त्याहून घातक. त्याचा अर्थ एवढाच, की नोटीस मिळूनही पक्षकार कोर्टात आला नाही. कोशातला जवळचा इंग्रजी शब्द लिहिला तर त्याने कोर्टाचा अवमान केला असं वाटतं. आणि तो आला नव्हता ही गोष्ट भारतात कळीची आहे: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १३ व्या कलमाखाली परदेशी निकाल गुणवत्तेवर दिलेला हवा, आणि १९९१ च्या नरसिंह राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी घटस्फोटांना कडक कसोट्या लावल्या. इटली भारताच्या ४४अ कलमातला परस्पर देश नाही, त्यामुळे निकालाची थेट अंमलबजावणीही होत नाही. निकाल अंतिम झाल्याचा कारकुनाचा शेरा सोबत नसेल तर अनुवादाला हात घालण्याआधी तो आणायला सांगावा.

मुखत्यारपत्राला शपथेचा अनुवाद सहसा लागतच नाही. पुण्यातला फ्लॅट विकायला भावाला अधिकार द्यायचा असेल, तर इटालियन नोटरीकडे इंग्रजी आणि इटालियन असे दोन स्तंभ शेजारी ठेवून मसुदा करावा, नोटरीचं प्रमाणनही दोन्ही भाषांत घ्यावं, आणि प्रोकूराचं अपोस्टिल लावावं. नोंदणी कायद्याच्या ३३ व्या कलमाला नोटरीसमोर केलेलं मुखत्यारपत्र चालतं. भारतात आल्यापासून तीन महिन्यांत महाराष्ट्राचं मुद्रांक शुल्क भरायला मात्र विसरू नये. पदव्यांचंही तसंच: विद्यापीठ इंग्रजीत प्रमाणपत्र देत असेल तर ते हाताच्या सहीने घेऊन प्रेफेत्तूराला न्यावं, अनुवाद टाळावा.

मघाच्या जोडप्याचं काय झालं? शपथ झालेल्या अनुवादात पेनाने दुरुस्ती करता येत नाही. एक अक्षर बदलायचं तरी नवा अनुवाद, नवी शपथ, नवं तिकीट. त्यांचा मूळ दाखला अनुवादाला स्टेपल करून सांध्यांवर शिक्के मारलेले होते. पिन काढली असती तर तो संपूर्ण गठ्ठाच संशयास्पद झाला असता. दुसरी प्रत त्यांनी घेतलेली नव्हती. म्हणून पुन्हा कोमूने, नवा एस्त्रात्तो, पुन्हा प्रेफेत्तूरा, पुन्हा कोर्ट, पुन्हा प्रोकूरा. या वेळी दोन प्रती घेतल्या आणि दोन्हींवर अपोस्टिल लावलं. एक अनुवादाला जोडली, एक मोकळी ठेवली. नव्या अनुवादात त्या ओळीखाली मी एक टीप टाकली: ही नोंद केवळ मिळकतीच्या पद्धतीविषयी आहे, वैवाहिक संबंधांविषयी नाही. आणि इटालियन नागरी संहितेच्या २१५ व्या कलमाचा क्रमांक दिला, जिथे ही पद्धत सांगितली आहे. अर्जासोबत त्या मुलीने खुलाशाचं एक पत्रही जोडलं, चार ओळींचं, दोघांच्या सहीचं.